मेलमधली मोकळी जागा

आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात तिला सगळे खातरजमा म्हणतात. पाठीमागे नव्हे, तोंडावर. हे नाव मोठ्या डॉक्टरांनी ठेवलं, कारण कुठलंही काम सांगितलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "एकदा खातरजमा करून घेते." ती चिडत नाही. उलट मला वाटतं, मनातून तिला ते आवडतं.

आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत. मी फोनवर असते, ती मेलवर. पेशंटला शस्त्रक्रियेची तारीख मी फोन करून कळवते आणि सविस्तर सूचना ती मेलने पाठवते. म्हणजे काय खायचं, काय प्यायचं नाही, कुठल्या गोळ्या कधी थांबवायच्या, सोबत कोण हवं. तोंडी सांगितलेलं पेशंट अर्धं विसरतो आणि उरलेलं उलटं लक्षात ठेवतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. म्हणून मी फोनवर एवढंच म्हणते, "सकाळी उपाशीपोटी या, बाकी सगळं मेलमध्ये येईल."

खातरजमाचा मेल जायला वेळ लागतो. ती लिहिते, वाचते, पाणी पिऊन येते, पुन्हा वाचते. पाठवल्यावर "पाठवलेले" उघडून तिसऱ्यांदा वाचते. पेशंटचं उत्तर आलं, "मेल मिळाला, आभारी आहे," की त्याच्या नावापुढे हिरवी खूण करते. घरीही हेच. कुलूप लावून जिना उतरली की परत वर जाऊन ओढून बघते, आणि नवरा खाली पिशव्या धरून उभा. तिच्या सासूबाई एकदा मला म्हणाल्या, "हिची खातरजमा होईस्तोवर भाजी करपते, पण या घरात गॅस कधी चालू राहिलेला नाही हो." सुनेचं कौतुक सासूने याहून जास्त काय करायचं!

तर त्या दिवशी सकाळी काउंटरवर आरडाओरडा सुरू झाला. पापणीच्या शस्त्रक्रियेला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना परत पाठवलं होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्यांनी आठवडाभर आधी थांबवायला हव्या होत्या, ते आदल्या रात्रीपर्यंत घेत होते. शस्त्रक्रिया रद्द. त्यांचा मुलगा, चांगला चाळिशीचा माणूस, लालबुंद होऊन सांगत होता, "मला कोणी कळवलंच नाही! तुमच्या मेलमध्ये काहीही नव्हतं!"

"मेल आहे का तुमच्याकडे?" खातरजमाने हळूच विचारलं.

"आहे ना. हा बघा!" त्याने फोन आमच्यासमोर धरला.

आणि मेलमध्ये सगळं होतं. पांढऱ्या पडद्यावर काळ्या अक्षरांत, एकाखाली एक. गोळ्यांची ओळ तर वरून दुसरीच. आमच्या रिसेप्शनवाल्या पोरीने ती मोठ्याने वाचूनही दाखवली, तिला भारी हौस. मुलगा फोनकडे बघतच राहिला. वर-खाली सरकवून बघितलं. "मेल आला त्या संध्याकाळी नव्हतं हे," तो म्हणाला. "आईशपथ नव्हतं."

मागे कोणीतरी हसलं. त्याचे वडील खुर्चीतून उठले, काठी घेतली, मुलाकडे न बघता दाराकडे चालू लागले. मुलगा त्यांच्या मागे गेला. मी मनात म्हटलं, स्वतः वाचायचं नाही आणि खापर दुसऱ्याच्या माथी फोडायचं. जग हे असंच आहे.

खातरजमाची मात्र सुटका झाली होती. दुसरी कोणी असती तर सुटकेचा नि:श्वास टाकून चहाला गेली असती. हिने दुपारी डबा उघडला, तसाच बंद केला.

"अगं, तुझी काही चूक नाही," मी म्हटलं. "सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं."

"तो खोटं बोलत नव्हता."

"कशावरून?"

"खोटं बोलणारा माणूस स्वतःहून फोन पुढे करेल का? त्याला खात्री होती म्हणून तर दाखवला." ती पेन टेबलावर आपटत होती. "आणि वडील कसे गेले ते बघितलंस?"

मी बघितलं होतं. पण मी दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते. प्रत्येकाचा चेहरा घरी नेला तर माझं घर पुरायचं नाही. ते मी तिला बोलून दाखवलं. तिने ऐकलंच नाही. तोच मेल तिने माझ्या फोनवर पाठवला आणि म्हणाली, "तुझ्याकडे कसा दिसतो बघ." मी बघितला. छान दिसत होता. तिने आमच्या संगणकवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, मेल गेला, पोचला, सर्व्हरवर काही अडचण नाही, आणि कृपा करून त्याला जेवू द्या.

संध्याकाळी आम्ही निघालो. फाटकाबाहेर बसची वाट बघत होतो आणि ती पुन्हा तेच घोळवत होती. तिचं तोंड बंद करावं म्हणून मी फोन काढला. "हे बघ, हा तुझा मेल, आणि हे त्यात—"

त्यात काही नव्हतं.

म्हणजे अगदी कोरा नव्हता. वर तिचं "नमस्कार, आपल्या शस्त्रक्रियेसंबंधी सूचना खाली देत आहे" होतं, पांढुरक्या अक्षरांत. मग लांबलचक काळी मोकळी जागा. आणि तळाशी "काही शंका असल्यास कळवा. काळजी घ्या." मेल फाटलेला, तुटलेला, अर्धवट आलेला वाटतच नव्हता. एखादी सभ्य बाई चार शब्द बोलून गप्प बसावी, तसा वाटत होता.

माझ्या मुलीने माझा फोन असा लावून दिला आहे की सूर्य मावळला की पडदा आपोआप काळा होतो आणि सकाळी पुन्हा पांढरा. डोळ्यांना बरं म्हणे. मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मी त्या काळ्या जागेवर बोट दाबून धरलं आणि "सगळं निवडा" केलं. फिकट निळा पट्टा पसरला आणि त्यात एकेक ओळ वर आली. गोळ्यांची, पाण्याची, इंजेक्शनची. काळ्यावर काळी अक्षरं, तिथेच होती सगळी.

खातरजमाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "त्याने संध्याकाळीच वाचला होता," ती म्हणाली. "आणि आज सकाळी फोन पांढरा होता."

बस आली. आम्ही चढलो नाही.

तिने तिथूनच संगणकवाल्याला फोन लावला. तो आधी कुरकुरला. "सूचना तुम्ही टाईप केल्या की कुठून उचलल्या?" त्याने विचारलं. उचलल्या होत्या. पूर्वी सूचनांची फाईल मेलला जोडून जायची. ती कोणी उघडत नाही म्हणून मोठ्या डॉक्टरांनी अलीकडे फर्मान काढलं होतं, सूचना मेलमध्येच टाका. खातरजमा इमानेइतबारे त्या फाईलमधला मजकूर उचलून मेलमध्ये चिकटवायची.

"मग अक्षरांबरोबर काळा रंगही चिकटून आला," तो म्हणाला. "तुम्ही हाताने लिहिता त्या ओळींना रंग दिलेलाच नसतो, त्यामुळे पडदा काळा झाला की फोन त्या स्वतःच पांढऱ्या करतो. पण ज्याला काळा रंग ठरवूनच दिलाय, त्याला काही अॅप हात लावत नाहीत. मागचा पडदा तेवढा काळा करतात. काही अॅप शहाणे असतात, अक्षरंही बदलतात. सगळे नसतात."

"माझ्या पडद्यावर तर नीट दिसत होतं. तीनदा बघितलं मी."

"तुमचा पडदा पांढरा आहे ना, ताई."

मला तिच्याकडे बघवेना. तीनदा बघणाऱ्या बाईने तिन्ही वेळा एकाच खिडकीतून बघितलं होतं. आणि तेवढ्यात माझ्याही डोक्यात एक गोष्ट आली, जी मी बोलून टाकली आणि लगेच जीभ चावली. आमच्याकडे येणारी माणसं कोण? मोतीबिंदूवाली. ज्यांना उजेड डोळ्यांत घुसतो, पांढरा पडदा सोसत नाही. ती फोन काळा नाही ठेवणार तर कोण ठेवणार?

"उद्याचे," ती म्हणाली, आणि पळतच आत गेली.

उद्याचे पेशंट फार नव्हते. मी माझ्या खुर्चीत बसले आणि एकेकाला फोन लावत सुटले. एका बाईंनी सांगितलं, सूचना दिसल्या, पाठ आहेत. एकांना दिसल्या नव्हत्या, पण पाळण्यासारखं त्यात विशेष नव्हतं. असं करत शेवटचा कागद उरला, आणि तो खातरजमाच्या हातात होता.

तो एका शिंप्याचा होता. एक डोळा लहानपणीच गेलेला, राहिलेल्यात पिकलेला मोतीबिंदू. मान सारखी हलायची म्हणून त्याला पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया करायची होती. मधुमेह होता, रोज सकाळी उठल्या उठल्या इन्सुलिन टोचून घ्यायचा. मेलमधली त्याची महत्त्वाची ओळ एकच होती: शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळचं इन्सुलिन घेऊ नये. आणि मी त्याला काय निरोप दिला होता? उपाशीपोटी या.

म्हणजे हा माणूस माझं ऐकून उपाशी राहणार, मेलमधलं न दिसल्यामुळे इंजेक्शन घेणार आणि पहिल्या बसने एकटा निघणार. हॉस्पिटलात पोचला तर डॉक्टर विचारतील, साखर तपासतील. पण पोचला तर ना! उपाशीपोटी इन्सुलिन टोचलं की साखर झपाट्याने उतरते, माणूस वाटेतच बेशुद्ध पडतो.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेव्हा खातरजमाने कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, "ऐकू कमी येतं. फोन नको, मेलच करा." तारीख ठरली तेव्हाही मी त्याच्याशी बोलले नव्हते, शेजारच्या इस्त्रीवाल्याने निरोप घेतला होता आणि त्याचं दुकान आता बंद होतं. आणि कागदावर नावापुढे हिरवी खूण होती.

"त्यांचं उत्तर आलं होतं," ती म्हणाली. तिने संगणकावर उघडून दाखवलं. मेल मिळाला. तुम्ही आठवणीने लिहिलंत, आभारी आहे. "मी यावर खूण केली गं. हे वाचून खूण केली."

तिने नवा मेल लिहिला, सगळा हाताने, काहीही न चिकटवता. माझ्या काळ्या पडद्यावर आधी पाठवून बघितला. दिसला. मग त्याला पाठवला: वाचताच उत्तर द्या. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. उत्तर येईना. झाडणारा माणूस आमच्या पायांखालून झाडून गेला, तरी येईना.

"पत्ता आहे," ती म्हणाली.

"अगं, उद्या पहाटे जाऊ."

"पहाटे ते कधी उठतात, तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. तिने घरी फोन करून सांगितलं, उशीर होईल, जेवून घ्या. पलीकडून नवऱ्याने काय विचारलं कोण जाणे. ती म्हणाली, "नाही हो, कुलूप नाही. माणूस आहे."

दुकान पुलापलीकडच्या गल्लीत होतं. टॅक्सीत ती सारखा फोन उघडून उत्तर आलं का बघत होती. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, खालून उजेडाची पट्टी आणि आत मशीनची घरघर. मी शटर बडवलं. घरघर चालूच. पुन्हा बडवलं, समोरच्या गच्चीतून दोन डोकी बाहेर आली, पण ज्याने ऐकायचं तो ऐकेना. मी कमरेवर हात ठेवून विचार करत होते, तोवर आमची खातरजमा, जी साडीला सुरकुती पडू नये म्हणून बसमध्ये उभी राहते, ती चक्क गुडघ्यांवर बसून शटरखालून आत गेली.

शिंपीबुवा दचकून उभेच राहिले. सडपातळ, गळ्यात टेप, मान हलती. हॉस्पिटलच्या बाईला अशी जमिनीवरून उगवताना बघून त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. ती ओरडून सांगू लागली, ते कानामागे हात धरून "काय? उद्या नाही? रद्द झालं?" असं विचारू लागले, आणि त्यांचा चेहरा पडला. ती जितकी ओरडली तितके ते घाबरले. फोन कुठे आहे म्हणून मी हाताने खुणावलं, तर तो कपड्यांच्या ढिगाखाली कुठेतरी.

शेवटी तिने टेबलावरचा खडू उचलला, कापडावर खुणा करायचा तो. समोर काळ्या सुटाचं कापड पसरलेलं होतं. त्यावर तिने मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: उद्या सकाळी इन्सुलिन घेऊ नका.

शिंपीबुवांनी कापड दिव्याजवळ नेलं, राहिलेला डोळा जवळ आणला आणि वाचलं. मग आमच्याकडे बघितलं.

"मी तर घेणार होतो," ते म्हणाले. "तुमचा मेल आला, त्यात तर काही नव्हतं. मला वाटलं, आपल्याला वेगळी सूचना नाही. बाईंनी काळजी घ्या म्हटलंय, तेवढं पुष्कळ."

तिने ढिगातून फोन शोधून काढला, ती काळी जागा निवडली आणि त्यांना दाखवली. निळ्या पट्ट्यात ओळी वर आल्या. शिंपीबुवा हसले. "काळ्या कापडावर काळा दोरा! अहो, माझा अर्धा डोळा त्यातच गेला."

खातरजमा मात्र हसू शकली नाही. ती त्यांच्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. शिंपीबुवांनी मला खुणेने विचारलं, काय झालं? मी खडू घेतला खरा, पण काय लिहावं सुचेना. म्हणून नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी वेळेआधीच हजर. शिंपीबुवा इस्त्रीवाल्याचा हात धरून आले. शर्टाच्या खिशाला टाचणीने काळ्या कापडाचा तुकडा लावलेला, त्यावर तिची पांढरी अक्षरं. "रात्री फ्रीजच्या दाराला लावला होता, इन्सुलिन तिथेच असतं," ते म्हणाले. "सवयीचा माणूस आहे मी, हात आपोआप जातो." सुटाच्या गिऱ्हाइकाला काय सांगणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

नर्सने बोट टोचून साखर बघितली आणि लगेच भुलीच्या डॉक्टरांना बोलावलं. इंजेक्शन न घेताच साखर खालच्या अंगाला होती. डॉक्टर आकडा बघून म्हणाले, "आणि आज इन्सुलिन घेतलं असतं तर बसमध्येच..." पुढचं ते बोलले नाहीत. ग्लुकोजचं सलाइन लावायला सांगितलं आणि हात धुवायला गेले.

शस्त्रक्रिया झाली, नीट झाली. आता आमच्या मेलच्या शेवटी "काही शंका असल्यास" नसतं. त्याजागी एक प्रश्न असतो, ज्याचं उत्तर मधल्या ओळी वाचल्याशिवाय देताच येत नाही. नुसतं आभारी आहे आलं तर हिरवी खूण होत नाही. पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं.

शिंपीबुवांना आत नेल्यावर खातरजमा तिच्या टेबलाशी गेली नाही. माझ्या खुर्चीत येऊन बसली, माझा फोन पुढे ओढला आणि आदल्या दिवशीच्या त्या मुलाचा नंबर लावला. मी म्हटलं, "अगं, आधी मोठ्या डॉक्टरांना विचार. उद्या तक्रार केली तर तुझी नोकरी..." तिने मला हाताने गप्प केलं.

"हॉस्पिटलमधून बोलतेय," ती म्हणाली. "काल तुम्ही खरं सांगत होतात. संध्याकाळी त्या मेलमधल्या सूचना तुम्हाला दिसल्याच नसणार. चूक आमच्याकडून झाली. माझ्याकडून झाली."

मला वाटलं आता हा माणूस तोंड सोडणार, आणि सोडलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता.

मग तो म्हणाला, आणि शेजारी बसून मलाही ऐकू आलं, "मॅडम, हे तुम्ही बाबांना सांगाल का? कालपासून ते माझ्याशी बोललेले नाहीत."

"द्या त्यांच्याकडे फोन," खातरजमा म्हणाली, आणि खुर्चीत सरळ होऊन बसली.